तिसऱ्या भोकामागची तार

माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की आधी घरातल्यांची तोंडं बघतात. हा गृहस्थ आधी भिंती बघायचा. दार उघडणाऱ्याने "या, बसा" म्हणावं आणि याने चपला काढता काढता विचारावं, "फ्रिजला तीन पिनांचाच प्लग आहे ना?" वय सत्तावन्न. त्यातली अडतीस वर्षं वायरमनच्या कामात गेलेली. अंगाने काटकुळा, खिशात कायम टेस्टर, आणि एका जागी दहा मिनिटं बसायचं म्हटलं की याच्या पायांना मुंग्या यायच्या. लग्नाला गेला तर जेवणाआधी मांडवामागे जाऊन जनरेटरची जोडणी बघून यायचा. आजारी साडूला भेटायला इस्पितळात गेला आणि पलंगाखाली वाकून सॉकेट तपासत बसला. साडू बरा झाला, पण तो प्रसंग विसरला नाही.

"अहो, माणसाची नाडी बघायची सोडून भिंतीची काय बघताय?" बायकोने तेव्हाच चारचौघांत सुनावलं होतं.

आसपासच्या चार गल्ल्यांत त्याला सगळे 'अर्थिंगवाले' म्हणत. नुसता पंखा लावायला बोलावलं तरी तो अर्थिंग तपासल्याशिवाय जायचा नाही, आणि तपासताना तोंडाचा पट्टा चालूच. कोपऱ्यावरच्या एका शिंप्याने एकदा इस्त्रीच्या प्लगची जाड पिन पकडीने कापून टाकली होती. दोन भोकांच्या बोर्डात प्लग बसेना, म्हणून. वर पुन्हा यालाच विचारतो, "दोन पिनांवर इस्त्री तापते ना? मग तिसरी काय शोभेला?"

"तापायला दोन पुरतात," वायरमन म्हणाला. "तुम्ही जिवंत राहायला तिसरी लागते."

शिंपी हसला. त्याच्या हसण्याने याचं डोकं फिरलं. तिथेच कापायच्या टेबलावर मांडी ठोकून त्याने सुरुवात केली. एका पिनेतून वीज येते, दुसरीतून परत जाते. तिसरी रिकामी असते, तिला रोजचं काहीच काम नाही. पण ती आतून इस्त्रीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि बाहेरून जमिनीत गाडलेल्या लोखंडी पट्टीला, म्हणजेच अर्थिंगला. आतली तार घासून पत्र्याला टेकली, की वीज त्या तिसऱ्या वाटेने धाडकन जमिनीकडे धावते. एवढी धावते की फ्यूज उडतो नाहीतर स्विच पडतो, आणि सगळं बंद. "आणि तुम्ही ती वाटच कापून टाकली! आता वीज पत्र्यात दबा धरून बसणार. तुम्ही ओल्या हाताने इस्त्री धरली की तिसरी तार तुम्ही."

"आणि ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का असते?" शिंप्याने नसती चौकशी केली.

"आत जाताना ती आधी टेकावी आणि बाहेर येताना शेवटी सुटावी म्हणून. आधी राखणदार, मग वीज. आणि जाड असते ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये म्हणून. आता उठा, नवा प्लग आणा. मी इथेच बसतो."

शिंपी मुकाट्याने उठला. न उठून करतो काय?

तपासायला याच्याकडे हातभर लांबीची लाकडी पट्टी होती. तिच्यावर दोन होल्डर, दोघांत एकाच ताकदीचे दोन बल्ब, आणि खाली लोंबणाऱ्या दोरीला तीन पिनांचा प्लग. पहिला बल्ब येणाऱ्या आणि परत जाणाऱ्या तारेच्या मध्ये, म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये, जोडलेला. दुसरा फेज आणि अर्थिंगच्या मध्ये. प्लग सॉकेटात घातला आणि दोन्ही बल्ब सारखेच लखलखले, तर तिसऱ्या भोकामागे खरंच तार आहे. दुसरा मिणमिणला, तर तार आहे पण दुबळी आहे. पेटलाच नाही, तर भोक नुसतंच भोक. प्लग घालायच्या आधी मात्र तो घरातले फ्रिज, मशीन, गिझर सगळ्यांचे प्लग भिंतीतून काढायला लावायचा आणि ओरडायचा, "कोणी कशाला हात लावायचा नाही!" कारण तार मध्येच तुटलेली असली, तर त्याच्या बल्बातून आलेली वीज त्याच तारेवरच्या दुसऱ्या पत्र्यांत चढते. तपासणी संपली की तो दुसऱ्याच्या हातात पट्टी द्यायचा. "माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः दिवा लावून बघा." हे वाक्य त्याने किती घरांत म्हटलं असेल याची गणतीच नाही.

आणि अशा माणसाच्या पोटच्या पोरीच्या घरात तिसऱ्या भोकामागे काय होतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

अकरा महिन्यांपूर्वीची गोष्ट. मुलगी आणि जावई नव्याने भाड्याच्या घरात गेले होते. जुनी इमारत, तिसरा मजला, भिंतीत फक्त दोनच तारा ओढलेल्या. सॉकेटं मालकाने नवी बसवली होती, तीन भोकांची, पांढरी स्वच्छ. मागे तिसरी तार नाही. कपडे धुवायचं मशीन आलं आणि चौथ्या दिवशी मुलीचा फोन आला, "बाबा, मशीनला हात लागला की झिणझिण्या येतात."

तो तसाच गेला होता. टेस्टर लावला, मशीनच्या पत्र्यावर टेस्टर लाल झाला. खरं काम काय ते त्याला पाठ होतं. खाली जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जमिनीतून आलेली लोखंडी पट्टी होती, तिथून हिरवी तार तीन मजले वर आणायची. दिवसभराचं काम. आणि त्या दिवशी संध्याकाळी त्याला दुसरीकडे वेळ दिलेली होती, तार जवळ नव्हती, मालक म्हणत होता पुढच्या आठवड्यात बघू, मुलगी म्हणत होती कपड्यांचा ढीग पडलाय. त्याने सॉकेट उघडलं, बोटभर लांबीचा काळ्या तारेचा तुकडा घेतला आणि न्यूट्रलचा स्क्रू आणि अर्थिंगचा स्क्रू एकमेकांना जोडून टाकले.

झिणझिण्या थांबल्या. बल्बांची पट्टी लावली तर दोन्ही बल्ब लखलखीत. मुलीने टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या.

वायरमन लोकांत हा तुकडा सगळ्यांना माहीत असतो आणि कोणी त्याचं नाव घेत नाही. मशीनचा पत्रा त्याने जमिनीला जोडला जात नाही, परत जाणाऱ्या तारेला जोडला जातो. ती तार शाबूत आहे तोवर सगळं गोड. पण ती कुठे ढिली झाली, तुटली, तर परत जायला वाट न मिळालेली वीज घरातल्या चालू पंख्यातून, बल्बातून फिरून त्या तुकड्यावाटे मशीनच्या पत्र्यावर येऊन उभी राहते. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

"रविवारी येऊन नीट करतो," तो जिना उतरताना म्हणाला होता.

पहिल्या रविवारी एकाचा गिझर. दुसऱ्या रविवारी कंबर धरली. मग जावयाची रात्रपाळी, मग पाहुणे, मग मुलीनेच सांगितलं, "बाबा, आता काही होत नाही हो, कशाला त्रास घेता?" ती शेजारणींना सांगत सुटली होती की आमच्या बाबांनी पाच मिनिटांत जादू केली. तो ऐकायचा आणि उठून पाणी प्यायला जायचा. कधी जेवता जेवता हात थांबायचा. बायको विचारायची, "काय राहिलंय तिथे सारखं?" तो म्हणायचा, "काही नाही, जरा एक तार." अकरा महिने तो दुसऱ्यांच्या भिंती उकरत फिरला आणि आपल्या पोरीची तेवढी राहिली. याला काय म्हणायचं? आळस म्हणावं तर माणूस आळशी नव्हता. पण गळ्यात अडकलेला घास माणूस पाण्याबरोबर खाली ढकलतो ना, तसं काहीतरी.

तर एके दिवशी दुपारी तो एका पार्लरमध्ये होता. पार्लरवाल्या बाईंनी हात धुवायला नवा गिझर बसवला होता आणि मुख्य बोर्डात जीव वाचवणारा तो नवा स्विचही, थोडी जरी वीज भलत्या वाटेने गेली तरी लगेच पडणारा. बाईंनी हौसेने त्याचं बटण दाबून दाखवलं. स्विच खटकन पडला.

"बघितलंत? एकदम चोख."

"बटणाने एवढंच कळतं की तो स्वतः जागा आहे," वायरमन म्हणाला. "भिंतीमागे तार आहे की नाही, ते त्याला काय ठाऊक? कोणी कशाला हात लावायचा नाही!"

त्याने गिझर बंद करवला, प्लग काढला आणि आपली पट्टी सॉकेटात घातली. दोन्ही बल्ब लख्ख पेटले आणि पेटलेलेच राहिले. बाई खूश. "झालं ना? दोन्ही सारखे!"

वायरमनचा चेहरा पडला. "हेच तर वाईट झालं, बाई."

त्याने समजावून सांगितलं. दुसऱ्या बल्बातली वीज जर खरंच जमिनीत गेली असती, तर ती परत आली नसती. गेली तेवढी परत आली नाही की तो नवा स्विच पडतो, तेच त्याचं काम. म्हणजे दुसरा बल्ब नुसता लपकन चमकून सगळं बंद पडायला हवं होतं. इथे स्विच ढिम्म हलला नाही. याचा अर्थ वीज जमिनीत जातच नाहीये, गुपचूप न्यूट्रलमधून परत येतेय. मेन बंद करून त्याने सॉकेट भिंतीतून ओढलं. मागे दोन स्क्रूंमध्ये बोटभर तुकडा.

"कोण गाढव आला होता वायरिंगला?" तो ओरडला. "याला काम म्हणतात? लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा! लाज वाटायला पाहिजे, लाज! दोन मिनिटं वाचवायला..."

तिथेच त्याची जीभ थांबली. तुकडा त्याच्या हातात होता. काळा, बोटभर, टोकं वळवलेली. बाई त्याच्याकडे बघत होत्या, आता पुढचं बोलेल म्हणून. खिशातून फोन काढून तो दाराशी गेला आणि मुलीला फोन लावला.

"काय करतेयस?"

"काही नाही हो. सकाळपासून लाइटने छळ मांडलाय. येते, जाते, मंद होते. आता पंधरा मिनिटं झाली, गेलीच. मशीन मध्येच थांबलंय, कपडे तसेच पाण्यात."

"सगळ्या इमारतीची गेली?"

"नाही ना, आमचीच. समोरच्यांचा टीव्ही चालू आहे की."

समोरच्यांची आहे, हिचीच गेली, आणि जायच्या आधी मंद होत होती. खाली हिच्या घराची न्यूट्रल ढिली होऊन सुटली. फेज अजून जिवंत, घरातले पंखे-बल्ब चालूच्या खटक्यांवर, आणि मध्ये त्याचा तुकडा.

"मशीनला हात लावू नकोस," तो म्हणाला.

"का हो? लाइटच नाहीये तर काय होणार? कपडे तेवढे काढते, वास मारतील."

आता इथे सांगायचं होतं. दोनच वाक्यं होती. मशीनला अर्थिंग नाही, मी तुला फसवलं. दोन वाक्यं म्हणायला किती वेळ लागतो? पण पार्लरवाल्या बाई पाठीमागे उभ्या होत्या, हातात तो तुकडा होता, आणि अडतीस वर्षांत कधी न अडलेली त्याची जीभ टाळूला चिकटली.

"नको लावूस म्हटलं ना. मी येतोय."

त्याने फोन ठेवला. ठेवल्या क्षणी त्याला कळलं की आपण काय केलं. पुन्हा लावला. वाजतोय, वाजतोय. कोणी उचलत नाही.

"बाई, मेन चालू करायचं नाही, मी उद्या येतो," एवढं बोलून तो बाहेर पळाला. पट्टी काखेत, पिशवी खांद्यावर. स्कूटर तिसऱ्या लाथेला सुरू झाली. दुसऱ्या चौकात खोदकाम, रस्ता अर्धा बंद, पुढे एक ट्रक आडवा. त्याने स्कूटर थांबवून फोन लावला. वाजतोय. हॉर्न दाबला. ट्रकवाला म्हणाला, "काका, घाई आहे तर काल निघायचं." एरवी त्याने त्याला चार शब्द ऐकवले असते. आज त्याने नुसते हात जोडले, स्कूटर फुटपाथवर चढवली आणि लोकांच्या शिव्या खात पुढे काढली.

डोळ्यांसमोर मशीनसमोरची ती ओली फरशी. मुलगी घरात अनवाणीच फिरते, लहानपणापासून तीच सवय. ती पाचवीत असताना त्यानेच तिला टेस्टर कसा धरायचा ते शिकवलं होतं. लग्नात दागिन्यांबरोबर एक टेस्टरही दिला होता आणि सगळा मांडव हसला होता. जावयाला फोन करावा तर तो कारखान्यात, फोन कपाटात. समोरच्या शेजाऱ्यांचा नंबर याच्याकडे नाही. 'हात लावू नकोस' म्हटलंय, ऐकेल ना? ऐकेल. पण लाइटच नाही म्हटल्यावर कोण ऐकतं? कपडे पाण्यात आहेत म्हणाली. आपण असतो तर ऐकलं असतं?

इमारतीच्या दारात त्याने स्कूटर स्टँडलाही लावली नाही, ती आडवी पडली. वर धाव घ्यावीशी वाटत होती. पण हात आधी मीटरच्या खोलीकडे गेला. अडतीस वर्षांची सवय तेवढी कामाला आली. आत जळक्या प्लास्टिकचा वास. मुलीच्या घराच्या मेन स्विचमध्ये न्यूट्रलचा स्क्रू काळा पडलेला, तार भोकाबाहेर लोंबतेय. त्याने दांडा खाली ओढला, फेजचा फ्यूज उपटून खिशात टाकला. आता वर वीज नव्हती. पण गेल्या अर्ध्या तासात होती.

जिना चढताना त्याने पुन्हा फोन लावला. तिसऱ्या मजल्यावर पोहोचला तेव्हा दाराच्या आतून तो वाजताना ऐकू आला. मशीनच्या बाजूने. वाजून वाजून थांबला. त्याने बेल दाबली, ती कशी वाजणार? त्याने दोन्ही हातांनी दार बडवलं. "अगं ए! उघड! बाळा, उघड!" आतून काही नाही. तो खांद्याने दार ढकलायला मागे सरला.

"बाबा?"

आवाज पाठीमागून आला. समोरच्या घराच्या दारात मुलगी उभी होती, हातात टेस्टर घट्ट धरलेला.

मग त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि उलटेसुलटे करून बघितले, तळवे, बोटं, मनगटं. कुठे काही नाही. मग मात्र त्याला रडू आवरेना. शेजारीणबाई पाणी आणायला आत गेल्या.

"लावला नाही हात," मुलगी म्हणाली. "फोन मशीनच्या झाकणावर ठेवला आणि कपडे काढायला वाकणार होते. मग वाटलं, बाबा 'हात लावू नकोस' म्हणून गप्प कसे बसले? तुम्ही साधा प्लग काढ म्हणालात तरी अर्धा तास व्याख्यान देता. आज एक शब्द नाही. मला त्याचीच भीती वाटली. हात पुसले, चपला घातल्या, टेस्टर आणून पत्र्याला टेकवला, तर लाल. लाइट गेलेली असताना लाल! मग फोन वाजला तरी झाकणावरून उचलायची हिंमत होईना. तशीच किल्ली घेऊन, दार ओढून बाहेर आले. इथून लावणार होते, पण तुमचा नंबर पाठ कुठे आहे?"

ते तिच्या घरात गेले. मशीन गप्प उभं होतं, समोर पाण्याचं थारोळं. मुलगी मशीनपासून चार हात लांब थांबली.

"पण बाबा, याला अर्थिंग आहे ना? तुम्हीच तर केलं होतंत."

उत्तर जिभेवर तयार होतं. उंदराने तार कुरतडली असेल, मालकाने कुठे काहीतरी केलं असेल. वायरमनजवळ अशी दहा उत्तरं असतात आणि गिऱ्हाईक दहाही मानतं. त्याने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, सॉकेट उघडलं आणि बाहेर ओढून तिला दाखवलं.

"हा तुकडा बघ. हे अर्थिंग नाही. हा मीच लावला. तिसऱ्या भोकामागे तार कधी नव्हतीच."

त्याने सगळं सांगितलं. त्या दिवशीची घाई, रविवार, तुकडा काय करतो ते, आणि फोनवर का बोलता आलं नाही तेही. मान वर न करता सांगितलं. मुलगी ऐकत होती. तिने न ओरडता, न रडता एवढंच म्हटलं, "म्हणजे झिणझिण्या येत होत्या तेच बरं होतं. निदान कळत तरी होतं."

हे त्याला कुणी थोबाडीत मारल्यापेक्षा जास्त लागलं. कारण खरं होतं. मशीन बोलत होतं आणि त्याने त्याचं तोंड दाबलं होतं.

मग तो कामाला लागला. दुकानातून हिरव्या तारेचं भेंडोळं आणि तो नवा स्विच आणला. मीटरच्या खोलीतली न्यूट्रलची जळकी टोकं कापून, तार सोलून, स्क्रू आवळला आणि तार दोनदा ओढून पाहिली. नवा स्विच मुलीच्या बोर्डात बसवला. जमिनीतून आलेल्या लोखंडी पट्टीवर आधी बल्ब लावून बघितला, लख्ख पेटला. तरी मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं, कारण माती ओली असली तर वीज नीट जिरते. हिरवी तार जिन्याच्या भिंतीने तीन मजले वर चढवली. मुलगी वरून भेंडोळं सोडत होती. एरवी अशा वेळी दोघांची बडबड चालायची. आज "सोड", "थांब", "ओढ" याशिवाय शब्द नव्हता. मशीन, फ्रिज, गिझर, ओटा आणि खिडकीखालचं, पाचही सॉकेटांना त्याने तार दिली. त्या एका सॉकेटातला तुकडा काढला. दिवेलागण झाली तेव्हा खिशातला फ्यूज परत बसवून खालचा दांडा वर केला आणि घरात उजेड आला.

त्याने सवयीने पट्टी उचलली आणि मशीनच्या सॉकेटाकडे हात नेला.

"द्या इकडे," मुलगी म्हणाली.

"अगं, मी बघतो ना. आता पक्कं केलंय."

"लोकांना काय सांगता? माझ्या शब्दावर जाऊ नका, असंच ना?"

त्याने पट्टी दिली आणि बाजूला झाला. तिने सगळे प्लग भिंतीतून काढले, पायांत चपला आहेत ना ते बघितलं. "कोणी कशाला हात लावायचा नाही," ती हळूच म्हणाली. ऐकायला तो एकटाच होता. तिने प्लग घातला. बल्ब लपकन चमकले, बोर्डात खटका वाजला आणि घर अंधारात गेलं. तिने चाचपडत प्लग काढला, स्विच वर केला, दुसऱ्या सॉकेटात घातला. पुन्हा लपकन उजेड, पुन्हा खटका, पुन्हा अंधार. फ्रिजचं, गिझरचं, ओट्यावरचं, खिडकीखालचं. प्रत्येक वेळी अंधार पडला की त्याच्या छातीवरचं ओझं थोडं उतरायचं, आणि उजेड आला की तिचा चेहरा दिसायचा आणि पुन्हा चढायचं.

"झालं गं," पाचव्यानंतर तो म्हणाला. "सगळी नीट आहेत."

"थांबा जरा," ती म्हणाली, आणि पट्टी घेऊन पहिल्या सॉकेटापासून पुन्हा सुरू झाली. तो काढलेला काळा तुकडा मुठीत धरून भिंतीशी उभा राहिला. बस म्हणायला कोणी नव्हतं आणि त्यालाही बसवत नव्हतं.